जीआरई स्कोअर पाठवणे

जीआरई ही अमेरिकेतील ईटीएस ही संस्था घेत असलेली पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. तिचे गुण विद्यापीठाकडे अधिकृतपणे पोहोचवण्याचा एकच मार्ग असतो: ईटीएसने गुणांचा अहवाल थेट विद्यापीठाला पाठवणे. विद्यार्थ्याने स्वतः उतरवून घेतलेली पीडीएफ प्रत अधिकृत मानली जात नाही. त्यामुळे परीक्षा संपल्यावर तीन प्रश्न उरतात: कोणाला पाठवायचे, कोणत्या दिवसाचे गुण पाठवायचे आणि कधी. यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय परीक्षेच्या खोलीतच, शेवटच्या काही मिनिटांत घ्यावा लागतो, म्हणून त्याची तयारी आधीच करून जाणे आवश्यक आहे.

परीक्षा संपताच पडद्यावर पहिला प्रश्न येतो तो गुण नोंदवायचे की रद्द करायचे हा. हा प्रश्न गुण दिसण्याआधी विचारला जातो. पेपर अवघड गेला म्हणून घाबरून रद्द करणारे विद्यार्थी असतात, पण त्याची जवळजवळ कधीच गरज नसते. नोंदवलेले गुण विद्यार्थ्याने सांगितल्याशिवाय कोणत्याही विद्यापीठाला जात नाहीत. रद्द केल्यास मात्र परीक्षेचे शुल्क परत मिळत नाही, आणि गुण पुन्हा जिवंत करायचे झाल्यास ६० दिवसांच्या आत वेगळे ५० डॉलर भरावे लागतात.

गुण नोंदवले की व्हर्बल म्हणजे भाषेचे आणि क्वांट म्हणजे गणिताचे अनधिकृत गुण लगेच दिसतात. निबंधाचे, म्हणजे अ‍ॅनालिटिकल रायटिंगचे गुण तेव्हा दिसत नाहीत. यानंतर चार विद्यापीठे विनामूल्य निवडण्याची संधी मिळते. ही सोय परीक्षा शुल्कातच धरलेली असते आणि ती फक्त त्याच दिवसापुरती असते. चारऐवजी दोनच निवडली तर उरलेल्या दोन जागा पुढे वापरता येत नाहीत. निवड एकदा पक्की केली की त्यातले विद्यापीठ बदलता येत नाही. विद्यापीठाच्या ज्या विभागांत लेखनाला फार महत्त्व असते, तिथे मोफत अहवाल पाठवताना निबंधाचा गुण न पाहताच होकार द्यावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

कोणत्या दिवसाचे गुण पाठवायचे ही निवड २०१२ च्या जुलैपासून स्कोअरसिलेक्ट या नावाने उपलब्ध आहे. परीक्षेच्या दिवशी दोनच पर्याय असतात. ‘मोस्ट रीसेंट’ म्हणजे आजच्या परीक्षेचे गुण, आणि ‘ऑल’ म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या सर्व परीक्षांचे गुण. नंतर पैसे भरून पाठवताना तिसरा पर्याय मिळतो, ‘एनी’: हव्या त्या एका किंवा अनेक तारखा निवडायच्या. मात्र एका तारखेच्या परीक्षेचे सगळे भाग एकत्रच जातात. पहिल्या परीक्षेचे व्हर्बल आणि दुसरीचे क्वांट असा मेळ घालून अहवाल बनवता येत नाही. निवडलेल्या तारखांखेरीज आणखी किती वेळा परीक्षा दिली, हे अहवालात दिसत नाही.

‘ऑल’ नेहमीच तोट्याचे असते असे नाही. विद्यापीठांचे काही विभाग परीक्षेच्या प्रत्येक भागातला सर्वोच्च गुण वेगळा काढून पाहतात. पहिल्या वेळी व्हर्बल चांगले आणि दुसऱ्या वेळी क्वांट चांगले असेल, तर अशा ठिकाणी दोन्ही तारखा पाठवणे फायद्याचे ठरते. विभागाची ही पद्धत त्याच्या प्रवेशपानावर दिलेली नसेल, तर विभागाला विचारून घ्यावे.

पुढचे अहवाल पैसे भरून मागवावे लागतात. एका विद्यापीठाचे शुल्क बरीच वर्षे २७ डॉलर होते, नंतर ते वाढून ३५ डॉलर झाले. ते अधूनमधून बदलते, म्हणून मागणी नोंदवताना ईटीएसच्या खात्यात दिसणारी रक्कमच खरी धरावी. भरलेली रक्कम परत मिळत नाही.

वेळेचा हिशेब दोन टप्प्यांचा असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा छोटी झाल्यापासून अधिकृत गुण ८ ते १० दिवसांत येतात, आणि मोफत निवडलेल्या विद्यापीठांना अहवाल त्याच सुमारास जातो. नंतर मागवलेल्या अहवालावर ईटीएस साधारण ५ कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही करते. पण इथे काम संपत नाही. विद्यापीठाला मिळालेला इलेक्ट्रॉनिक अहवाल अर्जाशी जुळवावा लागतो, आणि अर्जांच्या गर्दीत यालाच जास्त वेळ लागतो.

एक उदाहरण पाहू. एका विद्यार्थिनीला सहा विद्यापीठांत अर्ज करायचा आहे. ऑगस्टमध्ये तिला व्हर्बल १५१ आणि क्वांट १६१ मिळाले. पुन्हा परीक्षा द्यायची हे तिने आधीच ठरवले होते, म्हणून त्या दिवशी तिने एकही विद्यापीठ निवडले नाही. दोन परीक्षांत किमान २१ दिवसांचे अंतर लागते, ती १२ ऑक्टोबरला पुन्हा बसली. या वेळी व्हर्बल १५५ आणि क्वांट १६६. दोन्ही वाढलेले असल्याने तिने ‘मोस्ट रीसेंट’ निवडून चार विद्यापीठांना मोफत पाठवले. ऑगस्टचे गुण तिथे कोणाला दिसणार नाहीत.

उरली दोन. पाचव्याची मुदत १ डिसेंबर आहे आणि त्या तारखेपर्यंत अधिकृत अहवाल पोहोचायला हवा, अशी अट आहे. ईटीएसचा आठवडा आणि जुळवणीचे एकदोन आठवडे धरून तिने १० नोव्हेंबरच्या आत ३५ डॉलर भरून मागणी नोंदवली. सहावे विद्यापीठ अर्जात स्वतः लिहिलेले गुण चालवते आणि अधिकृत अहवाल प्रवेश मिळाल्यावर मागते. तिथे आत्ता पाठवण्याचे कारणच नाही. प्रवेश मिळाला आणि तो स्वीकारला तरच ती रक्कम भरावी लागेल.

ऑक्टोबरची परीक्षा बिघडली असती तर? फक्त ऑगस्टचे गुण पाठवण्याचा पर्याय त्या दिवशी पडद्यावर नसतोच. मग मोफत चार जागा सोडून नंतर ‘एनी’मधून ऑगस्टची तारीख निवडायची, आणि अधिकृत अहवाल मागणाऱ्या प्रत्येक विद्यापीठासाठी पैसे भरायचे, हाच मार्ग उरतो.

अहवाल हरवल्याच्या बहुतेक तक्रारींमागे नाव किंवा कोड असतो. विद्यापीठ हा अहवाल अर्जदाराचे नाव, जन्मतारीख आणि ईमेल यांवरून जुळवते. परीक्षेसाठी नोंदवलेले नाव पासपोर्टप्रमाणे आणि अर्जात मधले नाव गाळलेले किंवा वेगळा ईमेल असेल, तर अहवाल पोहोचूनही अर्जाला जोडला जात नाही. प्रत्येक संस्थेचा चार अंकी कोड असतो. एकाच विद्यापीठाच्या अनेक शाखांची नावे सारखी दिसतात, म्हणून कोड विद्यापीठाच्या प्रवेशपानावरून लिहून घेऊनच परीक्षेला जावे. विभागाचा कोड चुकला तर अनेक ठिकाणी अडत नाही, संस्थेचा चुकला तर मात्र अहवाल दुसऱ्याच ठिकाणी जातो आणि पैसे पुन्हा भरावे लागतात.

अर्जाच्या पानावर गुण प्रलंबित दिसत राहिले, तर आधी ईटीएसच्या खात्यात अहवाल कधी गेला ते पाहावे. तो जाऊन दोन आठवडे झाले असतील, तर दुसरा मागवण्यापूर्वी प्रवेश कार्यालयाला परीक्षेची तारीख, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख आणि पासपोर्टवरचे नाव कळवावे. जुळवणी त्यांच्याकडे हाताने करता येते, आणि पुष्कळदा अहवाल तिथेच पडून असतो.