आठ टक्के पेन्शन म्हणजे आठ टक्के व्याज?

विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन आजीवन पेन्शन, म्हणजे ॲन्युइटी, घेताना असा हिशेब मांडला जातो: '10 लाखांवर वर्षाला 80 हजार, तेही मरेपर्यंत. एफडीपेक्षा बरं, शिवाय दर वाढले की पेन्शनही वाढेल.'

त्या 80 हजारांत व्याज आहेच, पण तुमचं मुद्दलही थोडं थोडं परत येतंय. एफडीची रक्कम शेवटी हातात राहते. फक्त आजीवन पेन्शनच्या या पर्यायात पेन्शनर गेला की वारसांना काही उरत नाही. तोच माणूस मृत्यूनंतर भरलेली रक्कम वारसांना देणारा 'खरेदी किंमत परत' पर्याय घेतो तेव्हा पेन्शन कमी दिसते, ती याचमुळे.

समजा वय 60 आणि 'खरेदी किंमत परत' पर्यायात वर्षाला 65 हजार मिळतात (आकडे नमुन्याचे). फरक 15 हजारांचा. तो दरवर्षी साडेसहा टक्क्यांनी साठवला, तर 10 लाख व्हायला साधारण 27 वर्षं लागतात, तीही कर न धरता. म्हणजे वारसांसाठी तेवढीच रक्कम उभी राहायला 87 पर्यंत जगावं लागेल. मागे कुणी नसेल तर 80 हजारच बरे, हेही खरं.

दर खरेदीच्या दिवशीच गोठतो. पुढे बाजारात वाढो वा घटो, रक्कम तीच; वाढत्या पेन्शनचा पर्याय वेगळा असतो आणि त्याची सुरुवात कमी रकमेने होते. पॉलिसी परत करण्यासाठी सुरुवातीला मिळणारी फ्री-लूक मुदत संपल्यावर पर्यायही सहसा बदलता येत नाही.

तपासायला एकाच वयाची, एकाच रकमेची दोन्ही कोटेशन मागवा. 'मृत्यूनंतर देय रक्कम' ही ओळ आधी वाचा.