क्रिट लागला की आपण म्हणतो नशीब, पण आकडा आधीच ठरलेला असतो

समोरच्याचा जीव चिमूटभर उरलाय, आपलाही तेवढाच, आणि नेमका तेव्हा आपला वार क्रिटिकल, म्हणजे नेहमीपेक्षा बराच जोरात, बसतो. आपण खुर्चीतून उडतो. पण गेमच्या आत नशीब वगैरे काही नसतं हो, तिथे एक गुणाकार आणि एक बेरीज असते, बास.

२००४ मध्ये आलेला पोकेमॉन एमराल्ड घ्या. त्यातलं रँडम नंबरचं यंत्र एवढंच आहे:

```
seed = seed * 0x41C64E6D + 0x6073
result = seed >> 16
```

सीड म्हणजे ज्यावरून पुढचा आकडा निघतो तो ३२ बिटचा आकडा, गुणाकार त्यापेक्षा मोठा झाला की वरचं सगळं कापून टाकायचं. उरलेल्याचा वरचा अर्धा भाग गेमला द्यायचा. वरचाच का, तर खालचे बिट फार बावळट असतात, अगदी शेवटचा बिट तर दर वेळी सम-विषम-सम-विषम असाच उड्या मारतो आणि शेवटचे चार बिट दर १६ आकड्यांनी जसेच्या तसे परत येतात. क्रिटिकलची शक्यता साधारणपणे १६ मध्ये १ असते, म्हणजे खालचे बिट वापरले असते तर बरोबर दर सोळावा आकडा क्रिट देणारा निघाला असता.

आता गंमत बघा. आधीच्या रूबी आणि सफायरमध्ये सुरुवातीचा सीड कार्ट्रिजमधल्या घड्याळावरून घेतला जायचा. एमराल्डमध्ये ती पायरी राहूनच गेली, त्यामुळे गेम चालू केला की सीड दर वेळी ० पासून सुरू होतो. प्रत्येकाच्या मशीनवर, प्रत्येक वेळी! त्यामुळे पहिले पाच आकडे कुणीही कागदावर काढू शकतं: ०, ५९७७४, २११०५, १२७२०, ३६४१८.

वार करताना गेम ओळीने तीन आकडे मागतो. पहिला वार लागला का ते ठरवतो, दुसरा क्रिट आहे का, तिसरा डॅमेज किती. समजा ते २११०५, १२७२० आणि ३६४१८ असेच आले, मधे दुसऱ्या कुणी आकडा उचलला नाही असं धरू. २११०५ ला १०० ने भागून बाकी ५, त्यात १ मिळवला की ६, आणि वाराची अचूकता समजा ९५ आहे, म्हणजे लागला. १२७२० ला १६ ने भागलं की बाकी शून्य, आणि शून्य म्हणजे क्रिट! ३६४१८ ची १६ ने बाकी २, ती १०० मधून वजा, म्हणजे पूर्ण डॅमेजच्या ९८ टक्के. पण हाच वार एक आकडा आधी पडला असता तर? क्रिटच्या जागी २११०५ आला असता, बाकी १, आणि साधाच फटका बसला असता.

आयटमचंही हेच. जंगली पोकेमॉनच्या हातात काही आहे का हे ठरवायला १०० ने भागून बाकी बघतात. ती ४५ च्या खाली असेल तर हात रिकामा, ४५ ते ९४ असेल तर नेहमीची वस्तू, ९५ किंवा त्याहून जास्त असेल तर दुर्मीळ वस्तू, म्हणजे दुर्मीळला फक्त ५ टक्के. टीममध्ये सगळ्यात पुढे कंपाउंड आइज ही क्षमता असलेला पोकेमॉन असेल तर हेच आकडे २० आणि ८० होतात आणि दुर्मीळची शक्यता ५ वरून २० टक्के होते. म्हणजे फासे तेच, फक्त रेघा सरकवल्या.

मग खेळाडू ज्याला रँडम नंबरचं मॅनिप्युलेशन म्हणतात ते म्हणजे काय? लोकांना वाटतं मेमरीत घुसून आकडे बदलतात. तसं नाही, ओळीने येणाऱ्या आकड्यांच्या यादीला कुणी हातही लावत नाही, फक्त आपल्याला हवा तो आकडा वर येईल त्या क्षणी बटण दाबतात. काही मागितलं नाही तरी यंत्र दर फ्रेमला एक पाऊल पुढे जातं, सेकंदाला साधारण ५९.७३ फ्रेम (लढाईत तर फ्रेममागे दोन पावलं, म्हणून तिथे डोकं जास्त खातं). तुम्हाला १२०० वी फ्रेम हवी असेल तर चालू केल्यापासून सुमारे २०.१ सेकंदांनी दाबायचं. माझ्या मते ही फसवणूक नाही, पण स्पर्धेत परवानगी आहे का हे तिथल्या नियमांवर.

अडचण एकच, एक फ्रेम म्हणजे जेमतेम १७ मिलिसेकंद, माणसाचा अंगठा इतका नेमका नसतो. शिवाय आसपास इकडेतिकडे फिरणारी पात्रंसुद्धा कुठे वळायचं हे ठरवायला मधेच आकडे उचलतात आणि आपला हिशोब सरकतो. आपण कुठे पडलो हे कळतं कसं, तर सापडलेल्या पोकेमॉनचा स्वभाव आणि स्टॅट बघून उलटा हिशोब करायचा. यादीशी जुळवून १२०७ निघालं तर सात फ्रेम उशीर झाला. पुढच्या वेळी टायमर ०.१२ सेकंद अलीकडे, मग परत बघायचं, परत सरकवायचं. उशीर दर वेळी सातच्या आसपासच येत असेल तर चूक टायमरची आहे आणि ती काढता येते, पण कधी दोन कधी तेरा येत असेल तर मात्र अंगठाच डळमळीत आहे किंवा मधे कुणीतरी आकडे उचलतंय, तेव्हा आधी लोक नसलेल्या रिकाम्या जागी जाऊन उभं राहायचं.