स्वल्पविराम हलला आणि निबंध ‘माणसाचा’ झाला

मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हे सांगू पाहणाऱ्या एआय डिटेक्टरमध्ये निबंध टाकला, यंत्राने लिहिल्याचा स्कोअर आला ६० टक्के. दोन शब्द बदलले, एक स्वल्पविराम काढला आणि पुन्हा टाकला, तर ४०. लिहिणारा तोच, मजकूरही जवळपास तोच.

बरेच डिटेक्टर पाहतात ते एवढंच, की मागचे शब्द वाचून पुढचा शब्द कितपत ओळखता येतो. ‘शिक्षण समाजात महत्त्वाची भूमिका’ इथपर्यंत वाचलं की पुढे ‘बजावते’ येणार, हे कुणीही सांगेल. असे अपेक्षित शब्द जितके जास्त, तितका संशय वाढतो. आता ‘भूमिका’च्या जागी ‘कामगिरी’ लिहा. हा शब्द स्वतः कमी अपेक्षित आहेच, शिवाय त्याच्यामागून येणाऱ्या शब्दांचेही अंदाज बदलतात. म्हणजे फेरफार एका शब्दाचा, पण हिशेब सगळ्या वाक्याचा. निबंध छोटा असेल तर हा फरक एकूण सरासरीतही उठून दिसतो.

खरी मेख पुढच्या पायरीवर आहे. आत तयार झालेला आकडा इंग्रजी ‘एस’सारख्या वक्ररेषेवरून टक्क्यांत बदलला जातो. ही रेषा दोन्ही टोकांना सपाट असते आणि मध्यावर चांगलीच चढी. आतला आकडा ४ वरून ३.२ झाला, तर स्कोअर ९८ वरून ९६ होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. तेवढाच ०.८ चा फरक ०.४ वरून उणे ०.४ असा पडला, की ६० चे ४० होतात. ५० ही सीमा धरली असेल, तर निकालच उलटतो.

तेव्हा ‘६० टक्के’ म्हणजे निबंधाचा ६० टक्के भाग यंत्राने लिहिला असं नव्हे. निदान अशा डिटेक्टरपुरता त्याचा अर्थ इतकाच, की मजकूर सीमारेषेच्या आसपास घुटमळतोय. (काही सेवा संशयित वाक्यांचं प्रमाण टक्क्यांत देतात. तिथे वीस वाक्यांच्या निबंधात एक वाक्य इकडचं तिकडे गेलं की पाच टक्के हलतात.) पडताळा सोपा आहे. अर्थ न बदलणारे किरकोळ फेरफार करून त्याच निबंधाच्या आठ-दहा प्रती तपासायच्या. स्कोअर ३५ ते ७० असा पसरला, तर त्यातला एखादा आकडा उचलून विद्यार्थ्याला जाब विचारणं मला तरी गैर वाटतं.

मात्र स्कोअर स्थिर आला म्हणून तो बरोबर ठरत नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरना दिले. सगळे माणसांनीच लिहिलेले होते, तरी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरले. १८ निबंधांबाबत तर सातही डिटेक्टरचं एकमत झालं. मग चॅटजीपीटीकडूनच त्या निबंधांची शब्दकळा समृद्ध करून घेतली, तेव्हा चुकीचे शिक्के सुमारे १२ टक्क्यांवर आले. यंत्राचा हात लागला आणि निबंध अधिक ‘मानवी’ ठरले! उलट अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांतले शब्द सोपे करून घेतल्यावर चुकीचे शिक्के ५ वरून ५७ टक्क्यांच्या घरात गेले.