ढगांआडची पेरणी: सोलापूरच्या रब्बी ज्वारीची पार्श्वभूमी

सोलापुरात पावसाचा जोर सप्टेंबरात असतो आणि रब्बी ज्वारी त्याच ओलीवर, सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभरात पेरली जाते. म्हणजे उपग्रहाच्या चित्रांतून पेरणीची जी तारीख काढायची, नेमकं तेव्हाच आभाळ भरलेलं असतं.

या अडचणीवरचा जुना उपाय १९८० च्या दशकातला आहे. ढग लाल आणि अवरक्त प्रकाश जवळजवळ सारखाच परावर्तित करतो, त्यामुळे एनडीव्हीआय, म्हणजे या दोन प्रकाशांवरून रानाचा हिरवेपणा सांगणारा आकडा, शून्याकडे घसरतो. ढग आकडा खालीच ओढतो, म्हणून ठरावीक दिवसांतला सर्वांत मोठा आकडा खरा धरायचा, हे तंत्र होल्बेन यांनी १९८६ मध्ये मांडलं. पुढे २००४ मध्ये चेन आणि सहकाऱ्यांनी वक्र गुळगुळीत करणारी सॅवित्स्की-गोले पद्धत वापरून हंगामभराच्या आकड्यांचा वक्र फेरी-फेरीने वरच्या आकड्यांकडे सरकवला.

काळ्या रानात मात्र हे गृहीतक फसतं. खरिपात पड ठेवलेल्या रानात तण माजतं, समजा आकडा ०.३५ वर जातो. पेरणीआधी कुळवाची पाळी घातली की तो ०.१८ वर येतो. वरचे आकडे धरणारी पद्धत हा खड्डा ढग समजून बुजवते. मग तण आणि ज्वारी मिळून एकच चढ दिसतो आणि पेरणी ऑगस्टात झाल्यासारखी वाटते. ऊसतोडीचंही तसंच: एकदोन चित्रांत झालेली सरळ घसरण गुळगुळीत उतार बनते आणि तोड उशिरा दिसते.

म्हणून ढग आकड्यावरून न ओळखता मुखवट्यावरून, म्हणजे चित्रातला कोणता ठिपका ढगाचा हे सांगणाऱ्या थरावरून ओळखावा. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या `SCL` थरातले ३, ८, ९ आणि १० हे वर्ग म्हणजे सावली, ढग आणि विरळ ढग. त्यांना वजन शून्य, बाकीच्यांना एक. त्यानंतर वक्र गुळगुळीत करणारी व्हिटेकर यांची १९२३ ची पद्धत लावावी. ती आयलर्स यांनी २००३ मध्ये नव्याने पुढे आणली. तीत y हा मोजलेला आकडा, z हा गुळगुळीत वक्र, w हे वजन, Δ²z म्हणजे वक्राचा वाकडेपणा आणि λ म्हणजे त्या वाकडेपणाला लावलेला दंड; ही बेरीज कमीत कमी होईल असा z काढायचा:

```
Σ w(y − z)² + λ Σ(Δ²z)²
```

λ फार वाढवला तर वक्र ताठ होतो, चढ अलीकडे सरकतो आणि पेरणी लवकर दिसते. मुखवट्यातून ढगाची कड सुटली असेल तर शेजारची रानं पाहावीत. त्या दिवशी सगळ्यांचाच आकडा पडला असेल तर तो ढग. एकाच रानाचा पडला आणि पुढच्या स्वच्छ चित्रातही खालीच राहिला, तर तो कुळव.

समजा, पाळीनंतरचा तळ ०.२० आणि नोव्हेंबरातला माथा ०.७०. फरकाच्या २० टक्क्यांची रेघ ०.३० वर येते. वक्र ती १० ऑक्टोबरला ओलांडतो. पण ही पेरणीची तारीख नव्हे. रोप उगवून पानं जमीन झाकेपर्यंत दोनतीन आठवडे जातात, म्हणून पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात धरावी. त्या काळात मधली चारपाच चित्रं ढगाने गेली असतील तर एकच तारीख न देता आठवडा सांगावा.

काढणीच्या वेळी, फेब्रुवारीत, आभाळ निरभ्र असतं, तरी अडचण राहते. ताटं उभी असतानाच पानं वाळतात आणि आकडा काढणीच्या आधीच तळाला पोचतो. त्यामुळे ज्वारीत वक्राचा उतार पीक पक्व होण्याची वेळ सांगतो, काढणीची नाही.