प्लायवूडच्या थप्पीचे वजन

प्लायवूडच्या शीटचे वजन म्हणजे तिची लांबी, रुंदी, जाडी आणि घनता यांचा गुणाकार होय. मापे मीटरमध्ये व घनता प्रतिघनमीटर किलोग्रॅममध्ये घेतल्यास उत्तर थेट किलोग्रॅममध्ये मिळते. जाडी मिलिमीटरमध्ये दिलेली असल्याने तिला १००० ने भागायचे राहून जाणे, ही यातली नेहमीची चूक आहे. २.४४ × १.२२ मीटरच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या शीटचे घनफळ ०.०५३६ घनमीटर भरते आणि घनता ६५० धरल्यास वजन सुमारे ३४.८ किलोग्रॅम येते.

या हिशेबात खरी अनिश्चितता घनतेची असते. मऊ लाकडाचे प्लायवूड ५०० ते ६०० च्या आसपास, तर बर्चचे ७०० च्या जवळ असते. शिवाय लाकडातील ओलावा १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेला, तर तीच शीट सुमारे ९ टक्क्यांनी जड होते. म्हणून तक्त्यातील आकड्यापेक्षा थप्पीतली एक शीट प्रत्यक्ष तोलणे केव्हाही चांगले: माणसाने शीट हातात धरून वजनकाट्यावर उभे राहावे आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचे वजन वजा करावे.

समजा, लिफ्टची क्षमता ६३० किलोग्रॅम आहे आणि दोन माणसे व ढकलगाडी मिळून १७५ किलोग्रॅम होतात. उरलेल्या ४५५ किलोग्रॅममध्ये कोरड्या १३ शीट कशाबशा बसतात. ओलसर शीट ३८ किलोग्रॅमची धरली, तर एका फेरीत ११ च नेता येतात.

जमिनीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिची मर्यादा एकूण वजनावर नव्हे, तर प्रतिचौरसमीटर भारावर सांगितलेली असते. आडव्या रचलेल्या थप्पीत शीटची लांबी-रुंदी वजनातही येते आणि टेकलेल्या क्षेत्रफळातही, त्यामुळे ती हिशेबातून निघून जाते व भार म्हणजे केवळ घनता गुणिले थप्पीची उंची एवढेच उरते. निवासी खोलीच्या जमिनीसाठी बऱ्याचदा धरला जाणारा भार सुमारे २०० किलोग्रॅम प्रतिचौरसमीटर असतो. ६५० घनतेच्या थप्पीत ही मर्यादा ३०.७ सेंटिमीटरवर, म्हणजे १८ मिलिमीटरच्या १७ शीटवर संपते. ओलसर शीट असल्यास १५ वरच थांबावे लागते. थप्पी गुडघ्याइतकीही उंच नसल्याने पाहणाऱ्याला धोका जाणवत नाही, हेच यातले घातक आहे.

जागा वाचवण्यासाठी शीट लांब कडेवर उभ्या करणे त्याहून वाईट ठरते. तेव्हा उंची १.२२ मीटर होते आणि टेकलेल्या पट्टीवरचा भार सुमारे ७९० किलोग्रॅम प्रतिचौरसमीटर होतो, मग शीट पाच असोत की पन्नास. संख्या वाढली की केवळ पट्टी रुंदावते. मोजक्या शीट असताना हा भार अरुंद जागेपुरता राहतो आणि आजूबाजूची स्लॅब त्याला हातभार लावते. मात्र पट्टी रुंद होत गेली की तो आधार कमी पडतो, आणि असा साठा किती चालेल हे इमारतीच्या संरचना अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावे लागते.