नातेसंबंधांचे गणित आणि मोकळी सोडलेली चौकट

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या कुठल्याही अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणारी मुले दिसतील. त्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीच्या पुस्तकात 'नातेसंबंध' नावाचे प्रकरण असतेच. प्रश्न साधारण असा असतो: क हा ख चा भाऊ आहे. ख ची आई ग आहे. ग ही घ ची मुलगी आहे. घ चा नवरा च आहे. छ हा च चा मुलगा आहे. तर छ हा क चा कोण?

वाक्ये पाचच आहेत, पण सहा माणसांच्या दोन-दोनच्या जोड्या होतात 15. प्रश्न त्यातल्या कुठल्याही जोडीवर येऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये मांडले, की माणसाला एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरून ठेवता येतात. त्यामुळे हे सारे डोक्यात फिरवत बसले की चौथ्या वाक्याशी पहिले निसटू लागते. कागदावर झाड काढले की ते ओझे उतरते.

काढायची पद्धत सोपी आहे. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. नवरा-बायकोमध्ये दुहेरी आडवी रेघ, भावंडांमध्ये एकेरी. आई-वडिलांपासून मुलांपर्यंत उभी रेघ. एक पिढी एकाच ओळीत. आनुवंशिक आजारांचा माग काढणारे डॉक्टर घराण्याचा जो तक्ता काढतात, त्यातही चौकोन आणि वर्तुळ याच अर्थाने येतात. त्यात आणखी एक चिन्ह असते, आणि क्लासमध्ये ते फारसे कोणी शिकवत नाही: लिंग माहीत नसेल तर शंकरपाळ्यासारखी तिरपी चौकट. माझ्या मते या प्रकरणातले सगळ्यात उपयोगी चिन्ह हेच.

आता झाड काढू. क साठी चौकोन, कारण तो भाऊ आहे. त्याच ओळीत ख. पण ख मुलगा की मुलगी? 'ख चा भाऊ' यातला 'चा' भावाला लागतो, ख ला नाही. त्यामुळे ख ला शंकरपाळे. वरच्या ओळीत ग चे वर्तुळ, आणि तिथून क आणि ख दोघांकडे उभी रेघ. त्याच्याही वरच्या ओळीत घ. मुलगी आईची असते तशी वडिलांचीही, म्हणून घ लाही तूर्त शंकरपाळे. पुढचे वाक्य 'घ चा नवरा' म्हणते, तेव्हा ते खोडून वर्तुळ करायचे. शेजारी दुहेरी रेघ आणि च चा चौकोन. च च्या खाली, ग च्या ओळीत, छ चा चौकोन. ग आणि छ एकाच जोडप्याची मुले, म्हणजे बहीण-भाऊ. छ हा क च्या आईचा भाऊ, अर्थात मामा. (सावत्र नाती आणि दुसरी लग्ने अशा प्रश्नांत धरत नाहीत. प्रत्यक्षात ती असतात, पण तसे स्पष्ट म्हटले नसेल तर झाडात आणायची नाहीत.)

याच झाडावर दुसरा प्रश्न आला, 'ख ही व्यक्ती च ची कोण?', तर ख ची चौकट अजून मोकळीच आहे. नातू किंवा नात, यापलीकडे काही म्हणता येणार नाही. इथे बरेच जण 'नातू' लिहून मोकळे होतात, कारण पहिल्या वाक्यातला 'भाऊ' कानात राहिलेला असतो.

याहून फसवा प्रकार फोटोचा. फोटोतल्या पुरुषाकडे बोट दाखवून एक बाई म्हणते, "याच्या बहिणीचे वडील म्हणजे माझ्या आजोबांचा एकुलता एक मुलगा." अशी वाक्ये 'माझ्या' या शब्दापासून सोडवायची, कारण झाडातली पक्की जागा तेवढीच असते. खाली बोलणारीचे वर्तुळ काढा. आजोबांचा चौकोन दोन ओळी वर. मधल्या ओळीत कोण? आजोबा वडिलांचेही असतात आणि आईचेही, म्हणून मध्ये पुन्हा शंकरपाळे.

ते चौकोन ठरले, तर मधला माणूस तिचे वडील. आजोबांना मुलगा एकच, तेव्हा तो मुलगा म्हणजे वडीलच. मग फोटोतला पुरुष तिचा सख्खा भाऊ. ते वर्तुळ ठरले, तर मधे तिची आई, आणि आजोबांचा एकुलता एक मुलगा म्हणजे आईचा भाऊ. मग फोटोतला पुरुष मामेभाऊ. दोन्ही झाडे दिलेल्या वाक्यात तंतोतंत बसतात. पुष्कळ उत्तरसूचींमध्ये अशा प्रश्नाला नुसते 'भाऊ' छापतात, कारण प्रश्न काढणाऱ्याने मनात वडिलांचेच वडील धरलेले असतात.

म्हणून दोन झाडे निघाली की पर्यायांकडे बघायचे. भाऊ, काका, मुलगा, मेहुणा असे चारच पर्याय असतील, तर मामेभावाचे झाड आपोआप बाद होते आणि 'भाऊ' निवडायचे. पर्यायांत मामेभाऊही असेल आणि 'सांगता येत नाही' हेही असेल, तर शेवटचेच बरोबर.