कपाशीच्या व्हिडिओंमध्ये झाडीपट्टीचे नाटक का येते?

यवतमाळकडचा एखादा शेतकरी मोबाइलच्या फीडमध्ये रोज गुलाबी बोंडअळी, कामगंध सापळे, फवारणी हेच पाहतो. मध्येच त्याला वडसा भागातल्या झाडीपट्टी नाटकाचा तुकडा दिसतो. हे चुकून झालेले नसते. त्यामागचे गणित फीडपेक्षा कितीतरी जुने आहे.

1933 साली विल्यम थॉम्पसन यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात रुग्णांविषयीचा एक प्रश्न मांडला. दोन उपचारांपैकी सरस कोणता हे पक्के कळेपर्यंत थांबलो, तर तोवर अनेक रुग्णांच्या वाट्याला कमी गुणाचा उपचार जातो. घाईने एकच धरला, तर दुसरा चांगला असूनही कधी कळत नाही. थॉम्पसन यांचा तोडगा असा: जो उपचार सरस असण्याची शक्यता जितकी, तितक्या प्रमाणात तो द्यावा. पऱ्हाटीच्या वावरात नव्या वाणाची दोन तासं लावून पाहतात, तसेच हे. फक्त किती तासं लावायची, तेही आधीच्या पिकावरूनच ठरते.

ही पद्धत बराच काळ मागे पडली होती. 2010 च्या सुमारास याहूच्या संशोधकांनी मुखपृष्ठावरील बातम्या निवडताना अशाच पद्धती तपासल्या आणि 2011 मध्ये थॉम्पसनचीही कसोटी घेतली. जून 2020 मध्ये टिकटॉकने जाहीरपणे सांगितले, की आवडीशी न जुळणारे व्हिडिओ फीडमध्ये मुद्दाम मिसळले जातात.

आता थॉम्पसनच्या पद्धतीने आपल्या शेतकऱ्याचा हिशेब करू. कपाशीचे 100 व्हिडिओ दाखवले, 60 पूर्ण पाहिले गेले; तिथे अंदाज पक्का आहे. नाटकाचे दोन दाखवले, एक पाहिला. एवढ्यावरून आवड थोडीही असू शकते, खूपही. सुरुवातीला सगळ्या शक्यता सारख्या धरल्या, तर या दोघांच्या सामन्यात नाटक 100 पैकी सुमारे 35 वेळा निवडले जाईल. दोन्ही वगळले असते, तर सुमारे 7 वेळा. सलग पाच वगळले, तर 200 वेळांत जेमतेम एकदा. प्रत्यक्षात फीड कोऱ्या पाटीने सुरू होत नाही. आधी सारख्या आवडीच्या इतरांनी काय पाहिले ते जमेस धरते, त्यामुळे अनोळखी व्हिडिओंचा वाटा बराच कमी राहतो. आणि प्रत्येक कंपनीचे मिश्रण वेगळे असते.

मला खरी अडचण दिसते ती नोंदीत. गावाबाहेर वावरात नेटवर्क गेले, व्हिडिओ अडकला आणि माणसाने बोट सरकवले, तर ते ‘आवडले नाही’ असे धरले जाऊ शकते. कपाशीच्या 100 नोंदींमध्ये अशी एक खोटी मिसळली तर फरक पडत नाही. नाटकाच्या दोनच नोंदी असताना एक खोटी निघाली, तर वरच्या हिशेबात नाटक 35 वरून 7 वेळांवर घसरते. घरात एकच फोन असेल, तर उलटही घडते: पोराने दोन कार्टून शेवटपर्यंत पाहिले, की बापाच्या फीडमध्ये कार्टून वाढतात. अशा वेळी पाहण्याच्या इतिहासातून ते व्हिडिओ काढून टाकले, की नोंद बरीचशी सुधारते.